मोफत डेमो क्लासचं निमंत्रण: पालकांना ऐकवायची स्क्रिप्ट कशी लिहायची

ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्या ओळखीच्या शिक्षकांच्या स्क्रिप्ट माझ्याकडे तपासायला येतात. बहुतेकींची सुरुवात एकच असते: "नमस्कार पालकहो, आजच्या स्पर्धेच्या युगात..." मग पदवी, मग अनुभवाची वर्षं, मग सगळ्या इयत्ता आणि सगळे विषय, आणि शेवटी "आजच संपर्क साधा". दोन मिनिटं ऐकूनही डेमो कधी आहे, त्यात मूल काय करणार आणि आपण नेमकं काय करायचं, हे पालकाला कळत नाही.

हा लेख एकाच प्रकारच्या स्क्रिप्टबद्दल आहे: सव्वा ते दीड मिनिटात बोलून संपणारी, व्हिडिओ किंवा आवाजाचा मेसेज म्हणून पालकांना पाठवायची, मोफत डेमो क्लासला बोलावणारी. उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच घेतलं आहे, सातवीच्या गणितातल्या ऋण संख्या. विज्ञान किंवा व्याकरण शिकवणाऱ्यांनी पायऱ्या याच क्रमाने घ्याव्यात, फक्त चूक आपल्या विषयातली निवडावी.

## १. आधी डेमो ठरवा, स्क्रिप्टला नंतर हात लावा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. शिक्षक आधी स्क्रिप्ट लिहितात, ती पाठवतात, आणि मुलं जमल्यावर डेमोत काय घ्यायचं याचा विचार करतात. मग स्क्रिप्टमध्ये "गणिताची भीती घालवू" असं असतं आणि डेमोत अर्धा वेळ ओळख आणि फीचा तक्ता. आलेल्या पालकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि तसं वाटण्यात त्याची चूक नसते.

एका कागदावर डेमोचे मिनिटांचे भाग पाडा. माझा चाळीस मिनिटांचा डेमो असा असतो. पहिली ५ मिनिटं मुलं चार उदाहरणं कागदावर सोडवतात, मी काहीच सांगत नाही. पुढची २० मिनिटं संख्यारेषा. त्यानंतर १० मिनिटं तशीच, पण आकडे बदललेली नवी चार उदाहरणं. शेवटची ५ मिनिटं पालकांच्या प्रश्नांना. पालकांनी पूर्ण वेळ शेजारी बसायची गरज नाही, पण शेवटच्या पाच मिनिटांना यावं असं मी आधीच सांगते.

याच कागदावर आणखी पाच गोष्टी लिहून ठेवा: वार आणि तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, किती मुलं घेणार, मुलाजवळ काय हवं (वही, पेन्सिल, वहीकडे वळवता येईल असा कॅमेरा), आणि डेमो झाल्यावर तुम्ही पालकांशी कसा संपर्क करणार किंवा करणार नाही.

तपासणी: हा कागद पूर्ण भरता येत नसेल तर स्क्रिप्ट लिहायला बसू नका. जे ठरलेलंच नाही ते बोलताना झाकायला मोठे शब्द वापरावे लागतात. "सर्वांगीण विकास" हा त्यातला सगळ्यात लाडका.

## २. एकच चूक निवडा, तीही वहीत दिसणारी

"गणितात कच्चं" हे पालकाला दिसत नाही, ते त्याला फक्त वाटत असतं. वहीतली लाल खूण मात्र दिसते. म्हणून पालक घरी वही उघडून दोन मिनिटांत स्वतः शोधू शकेल अशी चूक हवी. तिच्यामागे एक ठरावीक गैरसमज असावा आणि तो चाळीस मिनिटांत उलगडता यायला हवा.

सातवीच्या वह्यांमध्ये मला सतत दिसणारी चूक ही:

```
−३ − ५ = ८
```

बरोबर उत्तर −८ आहे. ही चूक मला का आवडते ते सांगते. पालक ती पाहून म्हणतात, "लक्षच नाही याचं." पण त्याच मुलाला ही चार उदाहरणं एकत्र देऊन बघा:

```
−३ − ५
−३ + ५
(−३) × (−५)
३ − (−५)
```

उत्तरं अनुक्रमे −८, २, १५ आणि ८. हे मूल बहुधा शेवटची दोन बरोबर सोडवतं आणि पहिल्यात हमखास अडकतं. धांदरटपणाची चूक कुठेही होते; इथे ती एकाच जागी होते, म्हणजे तिच्यामागे काहीतरी विचार आहे. "वजा वजा अधिक" हे मुलाने पाठ केलेलं असतं. पण ते कुठे लागू होतं हे न कळल्याने दोन वजा चिन्हं दिसली की ते उत्तर अधिक करून टाकतं.

काही मुलं दुसऱ्या उदाहरणातही चुकतात आणि −३ + ५ चं उत्तर −८ लिहितात. ती वेगळी भानगड आहे: पहिल्या संख्येचं चिन्ह ते पूर्ण बेरजेला चिकटवतात. डेमोत तीही निघेल, पण स्क्रिप्टमध्ये दोन्ही घालू नका. दुसरी चूक आली की ऐकणाऱ्याच्या डोक्यातून पहिली जाते.

सावधान: खऱ्या मुलाच्या वहीचा फोटो व्हिडिओत घेऊ नका. नाव झाकलं तरी वर्गातल्या पालकांना अक्षर ओळखू येतं. तेच उदाहरण तुम्ही स्वतः कोऱ्या कागदावर लिहा.

## ३. पहिली दोन वाक्यं वहीपासून सुरू करा

"नमस्कार, मी अमुक अमुक, एमएस्सी बीएड" हे दुसऱ्या परिच्छेदात जाऊ द्या. पालक मेसेज उघडतो तेव्हा तुम्ही कोण आहात यात त्याला रस नसतो. त्याला त्याच्या मुलात रस असतो. तुम्ही त्याच्या घरातलं काहीतरी ओळखलंत की मग तो विचारतो, या बाई कोण?

माझी सुरुवात अशी असते:

"सातवीतल्या मुलाची गणिताची वही उघडा आणि असं उदाहरण शोधा: वजा तीन वजा पाच. उत्तर अधिक आठ लिहिलंय का?"

इयत्ता पहिल्याच शब्दात आली. त्यामुळे चौथीचा पालक तिथेच थांबतो, आणि ते बरंच आहे. बघायची जागा ठरली आणि प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असंच आहे. याउलट "तुमच्या मुलाला गणित आवडतं का?" असा प्रश्न विचारलात तर कोणीही काहीही उत्तर देईल आणि पुढे ऐकायचं कारण उरणार नाही.

भीती घालून सुरुवात करायचा मोह होतो. "आत्ता पाया कच्चा राहिला तर दहावीत काय होईल?" अशा वाक्याने फोन येतात हे खरं. पण ते फोन घाबरलेल्या पालकांचे असतात, आणि तो पालक डेमोला मुलाला दटावत आणतो. दटावून बसवलेलं मूल कॅमेरा बंद करतं. शिकवणाऱ्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतल्यासारखं आहे हे.

## ४. चुकीचं कारण सांगा, पण तिथे शिकवायला लागू नका

स्क्रिप्टचा जीव या भागात आहे. पालकाला आजवर "लक्ष दे" एवढंच सांगता येत होतं. तुम्ही त्याला कारण देता, आणि कारण माहीत असणारी व्यक्ती शिकवू शकेल असं त्याचं तोच ठरवतो. पदवी सांगून जे होत नाही ते इथे तीन वाक्यांत होतं.

"लिहिलं असेल तर मूल धांदरट आहे असं समजू नका. 'वजा वजा अधिक' हा नियम त्याला पाठ आहे. गुणाकाराचा तो नियम त्याने बेरीज-वजाबाकीत लावलाय."

इथे जाणकार शिक्षक हरकत घेतात, आणि ती रास्त आहे: ३ − (−५) मध्येही दोन वजा मिळून अधिक होतं, तिथे कुठे गुणाकार आहे? कंस सोडवताना आपण खरं तर ऋण एकने गुणतो, म्हणून नियम तिथेही लागतो. हे डेमोत वीस मिनिटं उलगडून सांगायचं. स्क्रिप्टमध्ये त्याचा एक शब्दही नको. एवढंच पाळा, की स्क्रिप्टमधलं सोपं केलेलं वाक्य डेमोत मागे घ्यावं लागता कामा नये. "दोन वजा कधीच अधिक होत नाहीत" असं म्हटलं असतं, तर ते मागे घ्यावं लागलं असतं.

उलट टोकाची चूकही होते. कारण सांगता सांगता शिक्षकातला शिक्षक जागा होतो आणि स्क्रिप्टमध्येच संख्यारेषा काढायला लागतो: "आता बघा, आपण उणे तीनवर उभे आहोत, पाच पावलं डावीकडे..." व्हिडिओ चार मिनिटांचा होतो. पालकाला वाटतं, समजलं, आता मीच सांगतो मुलाला. मग तो मुलाला "डावीकडे जा" एवढंच सांगतो आणि मुलाच्या डोक्यात आणखी एक नियम जमा होतो.

तपासणी: हा भाग ऐकल्यावर पालकाला "असं का होतं" हे कळायला हवं. "हे कसं सुटतं" हे डेमोसाठी राखून ठेवा.

## ५. डेमोत काय होईल ते क्रियापदांनी सांगा

"मजेशीर पद्धतीने संकल्पना स्पष्ट केल्या जातील" या वाक्यातून काहीच दिसत नाही. कोण काय करेल ते सांगा: मूल सोडवेल, बघेल, पुन्हा सोडवेल. पहिल्या पायरीतला कागद समोर ठेवा आणि त्यातलीच क्रियापदं उचला.

"मूल आधी स्वतः चार उदाहरणं सोडवेल, मग संख्यारेषेवर त्यांचा अर्थ बघेल आणि शेवटी तशीच नवी चार उदाहरणं सोडवेल. दोन्ही कागद शेजारी ठेवून फरक पडला की नाही, ते तुम्हीच बघा."

शेवटच्या वाक्यात वचन आहे, पण ते निकालाचं नाही. "चाळीस मिनिटांत चूक कायमची जाईल" असं मी म्हणत नाही, कारण ती जात नाही. चार-पाच दिवसांनी घाईत पुन्हा उगवते. गुण वाढतील असं तर मुळीच म्हणू नये. एका डेमोचा आणि गुणांचा संबंध कोणालाच दाखवता येणार नाही. पालकाच्या हातात दोन कागद देणं आपल्याला जमतं, म्हणून तेवढंच कबूल करायचं.

इथेच डेमो कोणासाठी नाही तेही सांगा. सुरुवातीला मी हे टाळत होते; वाटायचं, कशाला येणाऱ्याला अडवा? एकदा ज्यांची ही उदाहरणं आधीच पक्की होती अशी दोन मुलं आली. पहिल्या पाच मिनिटांत चारही सोडवून ती कंटाळली आणि बाकीच्यांची उत्तरं मोठ्याने सांगू लागली. त्या डेमोचा विचका झाला. तेव्हापासून एक वाक्य कायम असतं: "ज्यांची ही उदाहरणं बरोबर येतात, त्यांना या क्लासची गरज नाही." गंमत म्हणजे या वाक्यामुळे बाकीचे पालक जास्त विश्वासाने येतात.

## ६. "मोफत" हा शब्द एकदाच, आणि त्याचा अर्थ सांगून

"मोफत" शब्द सुरुवातीलाच ओरडून सांगितला की पालक गृहीत धरतो की पुढे काहीतरी विकायचं आहे. तीन-चारदा म्हटलं की खात्रीच पटते. त्याची जागा शेवटाकडे, डेमोचा उपयोग सांगून झाल्यावर.

खरं म्हणजे पालकाला पैशापेक्षा दुसरीच धास्ती असते: नंबर दिला की फोन सुरू होतील. एका ठिकाणी डेमोला नाव दिल्यावर आठवडाभर रोज फोन येत राहिले, असं मला एक आई सांगत होत्या. त्यांनी शेवटी नंबर ब्लॉक केला. म्हणून "मोफत"च्या लगेच पुढे नंतर काय होईल ते सांगा.

"डेमो मोफत आहे. त्यानंतर मी तुम्हाला फोन करणार नाही. पुढे शिकायचं असेल तर तुम्ही मला कळवा."

हे बोललात तर पाळा. तुम्हाला डेमोनंतर एक मेसेज पाठवायचाच असेल तर "एकच मेसेज पाठवेन" असं म्हणा. फीबद्दल मी स्क्रिप्टमध्ये बोलत नाही, पण कोणी विचारलं तर त्याच वेळी पूर्ण आकडा सांगते. "डेमोला या, मग बोलू" हे उत्तर दिलं की सहाव्या पायरीत मिळवलेला विश्वास तिथेच जातो.

सावधान: "फक्त दोनच जागा शिल्लक" असं खोटं लिहू नका. मी सहा मुलं घेते, कारण सहापेक्षा जास्त कागद कॅमेऱ्यातून एकटीला बघता येत नाहीत. मर्यादा खरी असेल तर तिचं कारणही सांगता येतं.

## ७. तारीख, वेळ आणि एकच काम

माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये "येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता" असं होतं. मेसेज एका पालकांच्या ग्रुपमधून दुसऱ्यात गेला, काहींनी तो रविवारी ऐकला, आणि त्यांचा "येता शनिवार" पुढचा होता. डेमोच्या दिवशी निम्म्याहून जास्त आलेच नाहीत, आणि पुढच्या शनिवारी पाच वाजता मी बाजारात असताना फोन वाजायला लागला, "मॅडम, लिंक कुठंय?" तेव्हापासून वार, तारीख, सुरू होण्याची वेळ आणि संपण्याची वेळ या चारही गोष्टी बोलून सांगते आणि व्हिडिओत पडद्यावरही लिहिते. संपण्याची वेळ लोक विसरतात, पण दुसरं मूल क्लासला सोडायचं असलेला पालक तीच आधी बघतो.

मग पालकाला एकच काम द्या. फॉर्म भरा, ग्रुपमध्ये या, चॅनल सबस्क्राइब करा, पाच जणांना पाठवा, असं सगळं सांगितलं की तो काहीच करत नाही. माझ्याकडे तो एक शब्द पाठवतो: "सातवी", आणि मुलाचं पहिलं नाव. आडनाव, शाळा, पत्ता मी विचारत नाही. डेमोसाठी त्यांची गरज नसते, आणि गरज नसलेली माहिती मागितली की पालक बिचकतो.

## पूर्ण स्क्रिप्ट

हे सगळं जोडल्यावर स्क्रिप्ट अशी होते. कंसातलं तुमचं तुम्ही भरा.

> सातवीतल्या मुलाची गणिताची वही उघडा आणि असं उदाहरण शोधा: वजा तीन वजा पाच. उत्तर अधिक आठ लिहिलंय का?
>
> लिहिलं असेल तर मूल धांदरट आहे असं समजू नका. 'वजा वजा अधिक' हा नियम त्याला पाठ आहे. गुणाकाराचा तो नियम त्याने बेरीज-वजाबाकीत लावलाय. अशा वेळी नुसती जास्त उदाहरणं दिली तर तीच चूक पक्की होत जाते.
>
> मी (नाव). सहावी ते आठवीचं गणित ऑनलाइन शिकवते. शनिवारी, १२ जुलैला, संध्याकाळी पाच ते पाच चाळीस, फक्त या एका चुकीवर मी डेमो क्लास घेतेय. मूल आधी स्वतः चार उदाहरणं सोडवेल, मग संख्यारेषेवर त्यांचा अर्थ बघेल आणि शेवटी तशीच नवी चार उदाहरणं सोडवेल. दोन्ही कागद शेजारी ठेवून फरक पडला की नाही, ते तुम्हीच बघा.
>
> प्रत्येकाचा कागद बघता यावा म्हणून सहाच मुलं घेणार आहे. ज्यांची ही उदाहरणं बरोबर येतात, त्यांना या क्लासची गरज नाही.
>
> डेमो मोफत आहे. त्यानंतर मी तुम्हाला फोन करणार नाही. पुढे शिकायचं असेल तर तुम्ही मला कळवा.
>
> यायचं असेल तर याच नंबरवर 'सातवी' आणि मुलाचं पहिलं नाव पाठवा. लिंक शुक्रवारी संध्याकाळी पाठवते.

मुलं इंग्रजी माध्यमातली असतील तर पहिल्या वाक्यात "मायनस थ्री मायनस फाइव्ह" आणि पुढे "मायनस मायनस प्लस" म्हणा. घरात मूल जे शब्द म्हणतं तेच पालकाच्या कानाला ओळखीचे असतात.

## ८. मोठ्याने वाचा, घड्याळ लावून

मी संथ बोलले तर मिनिटाला १२० च्या आसपास शब्द होतात. वरची स्क्रिप्ट दीड मिनिटाच्या आत बसते. तुमचा वेग तुम्ही मोजा: फोनवर स्टॉपवॉच लावून एक मिनिट वाचा आणि शब्द मोजा.

वाचताना जिथे जीभ अडखळेल ते वाक्य लिहिण्याच्या मराठीतलं आहे. "आपल्या पाल्यास सदर वर्गाचा लाभ घेता येईल" हे नोटीस बोर्डावर शोभतं. बोलताना कोणी मुलाला पाल्य म्हणत नाही. तसंच "तुम्ही" आणि "आपण" यांची सरमिसळ तपासा. एका वाक्यात "तुम्ही बघा" आणि पुढच्यात "आपण यावे" झालं की दोन वेगळी माणसं बोलत असल्यासारखं वाटतं.

वेळ जास्त होत असेल तर कापायचं कुठे? ओळखीच्या भागात. चुकीचं कारण आणि तारीख कापू नका.

व्हिडिओ करत असाल तर सुरुवातीला चेहऱ्याऐवजी कागद दाखवा, आणि त्यावर −३ − ५ = ८ जाड पेनाने लिहिलेलं असू द्या. पालक फोन आवाज बंद करून बघत असला तरी त्याला विषय कळतो.

## ९. एका पालकाला ऐकवा आणि तीन प्रश्न विचारा

शिक्षक मित्राला ऐकवून उपयोग नाही, तो गणित बघतो. सातवीच्या आसपासचं मूल असलेल्या, तुमच्याकडे न शिकणाऱ्या एका पालकाला एकदाच ऐकवा. "कशी वाटली?" विचारू नका, "छान आहे" असंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा: डेमो कशावर आहे? कधी आहे? यायचं असेल तर काय करायचं?

पहिल्याचं उत्तर "गणितावर" असं आलं तर दुसऱ्या पायरीकडे परत जा. चूक लक्षात राहिली नाही. दुसऱ्यावर अडखळले तर तारीख फार लवकर किंवा फार भराभर बोलली गेली. तिसऱ्यावर "तुम्हाला फोन करायचा ना?" असं आलं तर काम एकापेक्षा जास्त सांगितलं गेलं आहे, किंवा नीट सांगितलं नाही.

## १०. पाठवताना आणि पाठवल्यावर

व्हिडिओसोबत तीन ओळींचा मजकूर द्या. लांब मेसेज घडी होऊन खाली "Read more" येतं आणि त्यापुढचं फार जण उघडत नाहीत, म्हणून पहिल्या ओळीत चूक, दुसऱ्यात वार-तारीख-वेळ, तिसऱ्यात काय पाठवायचं ते. शाळेच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपमध्ये टाकण्याआधी ग्रुप चालवणाऱ्याला विचारा. न विचारता टाकलेली जाहिरात काढली जाते आणि तुमचं नाव त्यासोबत लक्षात राहतं.

"सातवी" असा मेसेज आला की त्याच दिवशी उत्तर द्या, त्यात पुन्हा तारीख आणि लागणारं साहित्य. लिंक आदल्या संध्याकाळी, आणि डेमोच्या अर्धा तास आधी एक आठवण. तिसरी आठवण नको.

आता प्रतिसादावरून स्क्रिप्ट कुठे चुकली ते ओळखता येतं. बरेच जण फक्त "फी किती?" विचारत असतील तर त्यांना हा शिकवणीचा प्रचार वाटला, डेमोचं निमंत्रण वाटलं नाही. पाचव्या पायरीतलं वाक्य धूसर आहे. नावं भरपूर आली पण मुलं आली नाहीत तर वेळ आणि आठवण तपासा, स्क्रिप्टला लगेच दोष देऊ नका. आठवीची-नववीची मुलं आली तर इयत्ता पहिल्या वाक्यात ठळक बोलली गेली नाही. मुलं आली, बसली, पण शेवटच्या पाच मिनिटांत पालक "म्हणजे आज फक्त एवढंच घेतलंत?" असं म्हणाले तर "फक्त या एका चुकीवर" हे शब्द तुम्ही घाईत गिळले. रेकॉर्डिंग ऐका, बहुधा तिथेच आवाज खाली गेलेला असतो.

डेमो झाला की जिथे जिथे जुना व्हिडिओ टाकला होता तिथून काढा, आणि पुढच्या डेमोसाठी नवीन तारीख बोलून पुन्हा रेकॉर्ड करा. जुन्या व्हिडिओवर नवी तारीख नुसती लिहून चिकटवली, तर पडद्यावर एक तारीख आणि कानावर दुसरी पडते, आणि पुन्हा कोणीतरी चुकीच्या शनिवारी लिंक मागतं.